शिकाऊ वेल्डरची परीक्षा: वेल्डची बीड अर्ध्यावर थांबवायला विसरू नका

मागे एकदा मी एका शिकाऊ मुलाला पास केलं आणि चुकलो. टी-जॉइंटवर त्याने १५० मिलिमीटरची बीड, म्हणजे वितळलेल्या धातूची ओळ, एकाच रॉडमध्ये, कुठेही न थांबता ओढली होती. लहरी एकसारख्या होत्या, कडा स्वच्छ होत्या, जॉइंट मोडून पाहिला तर धातू मुळापर्यंत मिसळलेला. मी सही केली. महिनाभराने त्यानेच जोडलेली एक चौकट फुटली. एक रॉड संपून दुसरा जिथे सुरू झाला होता, नेमकी तिथून. त्याला रॉड बदलून पुन्हा सुरुवात करताना मी पाहिलंच नव्हतं, कारण परीक्षेत मी ती वेळच येऊ दिली नव्हती. म्हणून परीक्षा घेणाऱ्यांसाठी ही यादी.

सामान नेहमीचंच. साध्या माइल्ड स्टीलच्या १० मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या, १५० मिलिमीटर लांब. जस्त चढवलेल्या पट्ट्या अजिबात नकोत, त्यांचा धूर विषारी असतो. ३.१५ मिलिमीटरचे ६०१३ जातीचे कोरडे रॉड. गंज आणि पपडी काढून द्या, नाहीतर बीडमधली छिद्रं कोणाच्या माथी मारायची हे कळत नाही. करंट मात्र तुम्ही लावून देऊ नका. भंगाराचा एक तुकडा द्या आणि त्यावर तो स्वतः जुळवू दे. या रॉडला साधारण १०० ते १३० अँपिअरच्या दरम्यान तो यायला हवा.

आता मुख्य गोष्ट. वेल्डिंग सुरू होण्याआधी उभ्या पट्टीच्या मागच्या बाजूला, बरोबर ७५ मिलिमीटरवर, सेंटर पंचने खूण करा. खडूने नाही, खडू जळून जातो. मुलाला आधीच सांगा की या खुणेपाशी आर्क तोडायचा, स्लॅग, म्हणजे बीडवर जमलेली मळी, काळा पडेपर्यंत थांबायचं आणि मग नव्या रॉडने पुढे जायचं. कुठे थांबायचं हे त्याच्यावर सोडलंत तर तो शेवटच्या टोकाजवळ थांबेल, आणि टोकाजवळचा भाग तपासात नीट येत नाही. रॉड अर्धा शिल्लक असला तरी थांबवा. बीड सुंदर चालली आहे म्हणून मोह होतो, पुढे जाऊ द्यावंसं वाटतं. तरीही थांबवा.

थांबवायचं कारण असं. आर्क तुटतो तिथे एक खळगा राहतो, त्याला आपण क्रेटर म्हणतो, आणि त्यावर स्लॅगचा थर बसतो. नीट शिकलेला माणूस हातोडीने तो स्लॅग काढतो, वायर ब्रश मारतो, आर्क क्रेटरच्या साधारण १० मिलिमीटर पुढे पेटवतो, मागे आणून क्रेटर भरतो आणि मग पुढे जातो. पेटवलेली जागा वरून वितळून जाते, म्हणून तिथे डाग राहत नाही. घाईत असलेला थेट क्रेटरमध्येच रॉड टेकवतो. तिथला धातू अजून पुरता तापलेला नसतो, खाली स्लॅग असतो, आणि तो आतच अडकतो. वरून नवी बीड चढते आणि सगळं झाकून टाकते. म्हणून नुसत्या नजरेने हा दोष अनेकदा सापडतच नाही.

सुरक्षेच्या सवयीही याच थांब्यात उघड्या पडतात, त्यामुळे त्या दोन मिनिटांत कागदात डोकं घालू नका. स्लॅग फोडताना त्याने गॉगल लावला का? हेल्मेट वर केलं की गरम कपची सरळ डोळ्याकडे उडते, आणि ही चूक सगळ्यात जास्त दिसते. जळका तुकडा डब्यात टाकला की पायाशी? रॉड बदलताना हातमोजा कोरडा होता का, की मोजा काढून उघड्या हाताने रॉड बसवला? होल्डर टेबलावर टाकला, की टांगला? पुन्हा आर्क पेटवण्याआधी शेजारच्याला आवाज दिला का? सुरुवातीच्या पाच मिनिटांत प्रत्येक जण काळजी घेतो, कारण आपण बघतोय हे त्याला ठाऊक असतं. रॉड बदलताना लक्ष कामात गुंततं आणि हात सवयीप्रमाणे चालतात. जे पाहाल ते तिथेच लिहा, नंतर आठवत नाही. सुरू करण्यापूर्वी केबलची साल आणि अर्थिंगचा क्लॅम्प त्याने स्वतःहून तपासला का, तेही लिहा.

बीड पूर्ण झाली की स्लॅग काढून ब्रश. ग्राइंडर लावू देऊ नका, ग्राइंडरने वाईट बीडही शहाणी दिसते. गेजने वेल्डचे दोन्ही पाय, म्हणजे दोन्ही पट्ट्यांवरची तिची रुंदी, मोजा. उभ्या पट्टीवर बीडच्या कडेला अंडरकट, म्हणजे वितळून पडलेली खाच, बघा, १ मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर चालत नाही. मग खुणेपाशी या आणि बोट फिरवा. उंचवटा लागला तर तो मागे जास्त रेंगाळला, खाच लागली तर क्रेटर भरलाच नाही.

आता मोडायचं. वेल्ड एकाच बाजूला हवी. उभी पट्टी वेल्डच्या बाजूला वाकवा, म्हणजे मूळ उघडतं आणि ताण तिथे येतो. उलट वाकवलंत तर परीक्षा वाया. पट्टी न फुटता आडवी झाली तर पास. फुटली तर लगेच नापास नाही, फुटलेला पृष्ठभाग वाचायचा. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी१.१ मानकाचा नियम मी वापरतो: मुळापर्यंत पूर्ण मिसळण हवी, कोणतंही छिद्र किंवा स्लॅगचा अंश २.५ मिलिमीटरपेक्षा मोठा नको, आणि १५० मिलिमीटरच्या तुकड्यात सगळ्यांची बेरीज १० मिलिमीटरच्या आत हवी. यातून जॉइंट किती वजन पेलेल हा आकडा निघत नाही, मिसळण झाली की नाही एवढंच कळतं.

गेल्या महिन्यात एका मुलीची परीक्षा घेतली. वरून बीड चांगली, पाय ६ मिलिमीटर, अंडरकट नाही. मोडल्यावर १५० मिलिमीटरमध्ये तीनच दोष निघाले: १ मिलिमीटरचं एक छिद्र, दीड मिलिमीटरचं दुसरं, आणि खुणेपाशी मुळात ४ मिलिमीटरची काळी, निस्तेज रेघ. बेरीज साडेसहा, म्हणजे मर्यादेत. पण ती रेघ एकटीच अडीचच्या वर, म्हणून नापास. रेघेखाली पट्टीची मूळ कड जशीच्या तशी दिसत होती, म्हणजे तिथे धातू वितळलाच नव्हता. वेल्डिंग चालू असताना मी लिहून ठेवलं होतं: क्रेटर साफ केला नाही, रॉड सरळ त्यातच टेकवला. तिला तो तुकडा हातात दिला, रेघ दाखवली, आणि भंगारावर दहा वेळा फक्त थांबून पुन्हा सुरू करायला लावलं. दुसऱ्यांदा पास झाली. खूण नसती तर ती रेघ कशामुळे आली हे मला सांगता आलं नसतं, आणि तिला पटलंही नसतं.

बाकी पटकन: मोडताना तुम्हीही गॉगल लावा, तुकडे थंड करून नंबर टाका, मोडलेले दोन्ही भाग कागदासोबत ठेवा. निघण्याआधी आजूबाजूला ठिणगी धुमसत नाही ना ते पाहा. आणि पुढच्या मुलाची पट्टी टेबलावर ठेवण्याआधी मागून फिरवून बघा, ७५ वर पंचची खूण मारली आहे ना.