चुंबक तरंगत नाही? या चुका टाळा

वर विद्युतचुंबक, त्याच्या तळाशी हॉल सेन्सर आणि खाली लटकणारा निओडिमियमचा छोटा चुंबक. ही जोडणी बरोबर असूनही चुंबक थरथरतो, मग खाली पडतो किंवा वर चिकटतो. बहुतेक जण लगेच पीडी नियंत्रकाचे आकडे बदलायला घेतात. माझ्या मते ते काम सगळ्यात शेवटी करावं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सेन्सरला फक्त चुंबकच दिसतो असं मानणं. त्याला कॉइलचं क्षेत्रही दिसतं. कॉइल जोरात ओढू लागली की सेन्सरला वाटतं चुंबकच जवळ आला. मग नियंत्रक प्रवाह तोडतो आणि कॉइल स्वतःच्याच क्षेत्रामागे धावत राहते.

याची चाचणी सोपी आहे. चुंबक दूर ठेवा आणि आर्डुइनोवर कॉइल बंद असताना व पूर्ण चालू असताना सेन्सरचं रीडिंग घ्या. समजा ५१२ चं ६१४ झालं, म्हणजे १०२ चा फरक. आता कॉइल बंद करून चुंबक १५ मिमीवरून १४ मिमीवर आणल्यावर फरक २० चाच पडत असेल, तर त्या दराने कॉइलमुळे तब्बल ५ मिमीचा भास होतोय! तो भाग वजा करायला हवा. पीडब्ल्यूएम २५५ ला १०२, म्हणून `k` = ०.४. मात्र प्रवाह पीडब्ल्यूएमबरोबर लगेच बदलत नाही. कॉइल २० मिलीहेन्री आणि १० ओहम असेल तर त्याला साधारण २ मिलिसेकंद लागतात, म्हणून अंदाजही तेवढाच मागे ठेवा. लूप ०.२ मिलिसेकंदाचा असेल तर `a` = ०.१.

```
i_est += a * (duty - i_est);
pos = raw - zero - k * i_est;
```

दुसरी चूक उशिराची. आर्डुइनो उनोच्या ९ नंबरच्या पिनवर पीडब्ल्यूएम मुळात ४९० हर्ट्झचं असतं, म्हणजे एक फेरी २ मिलिसेकंदांची. ती लहर रीडिंगमध्ये उतरते. खालच्या ओळीने ती ३१ किलोहर्ट्झवर जाते:

```
TCCR1B = (TCCR1B & 0xF8) | 0x01;
```

लूपमधलं `Serial.print` ही काढा. कॉइल बंद झाली तर चुंबक १४ मिलिसेकंदांत १ मिमी पडतो, त्यात छपाईला वेळ नाही.

आता पीडी. आधी दिशा पाहा: चुंबक हाताने वर नेल्यावर ओढ कमी झाली पाहिजे, वाढली तर अधिक-उणे चिन्ह उलटं आहे. झोके हळूहळू वाढत जाऊन चुंबक पडत असेल तर डी कमी आहे. चुंबक जागेवर राहूनही कॉइल कर्कश गुणगुणत असेल तर डी जास्त आहे, तो सेन्सरचा गोंगाट वाढवतोय.

चुंबक स्थिर आहे, पण कॉइल हाताला चटका देते? मग ठरवलेलं अंतर जास्त आहे. ते अर्धा-एक मिमीने कमी करा. लोखंडी गाभ्याकडे चुंबकाची स्वतःची ओढ वजनाएवढी होते तिथे सरासरी प्रवाह जवळपास शून्यावर येतो. त्या जागी प्रवाह दोन्ही दिशांना फिरवावा लागतो, म्हणून एकट्या मॉस्फेटऐवजी एच-ब्रिज वापरा.