खातेनिहाय चौकशीची तयारी: आरोपपत्रापासून निष्कर्षापर्यंत

खातेनिहाय चौकशी न्यायालयात टिकत नाही, तेव्हा त्याचे मूळ बहुतेकदा सुनावणीत नसते, तर तिच्या आधी लिहिलेल्या आरोपपत्रात असते. म्हणून तयारीला सुरुवात तिथूनच करावी. समजा, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तांब्याच्या केबलची बिन कार्डवरील, म्हणजे साठ्याच्या नोंदपत्रकावरील, शिल्लक 340 मीटर आहे आणि प्रत्यक्ष मोजणीत 215 मीटर भरली. स्टोअरकीपरने "केबलची चोरी केली" असे लिहिण्याचा मोह इथे होतो, पण हातात पुरावा आहे तो 125 मीटरच्या तुटीचा. ती कोणी नेली याचा पुरावा नसेल, तर आरोप तुटीचा आणि नोंदी वेळेवर न केल्याचा ठेवावा. चोरीचा आरोप ठेवायचाच असेल, तर तो कोणत्या साक्षीदाराच्या आणि कोणत्या कागदाच्या आधारे सिद्ध करणार हे आधी ठरलेले असावे. प्रत्येक आरोपात तारीख, पाळी, जागा, वस्तू आणि स्थायी आदेशातील कोणत्या कलमाचा भंग झाला हे आले पाहिजे. "आपण गैरवर्तन केले आहे, तरी आपणास शिक्षा का करू नये" अशी भाषा मुळीच वापरू नये, कारण खुलासा मागण्याआधीच मत बनलेले आहे याचा तो लेखी कबुलीजबाब ठरतो.

आरोपपत्रासोबत कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी द्यावी आणि खुलाशासाठी वाजवी मुदत लिहावी. नोटीस कर्मचाऱ्याला समजणाऱ्या भाषेत असावी. ती घेण्यास त्याने नकार दिला, तर दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करून ती नोंदणीसह स्पीड पोस्टने शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पाठवावी आणि पोचपावती किंवा परत आलेला लिफाफा न फोडता फाईलला लावावा. पुढे एकतर्फी चौकशी करण्याची वेळ आली, तर हा लिफाफाच सर्वात आधी पाहिला जातो.

खुलासा समाधानकारक नसेल, तरच चौकशी अधिकारी नेमावा. मोजणी ज्याने केली, तक्रार ज्याने दिली किंवा आरोपपत्रावर ज्याची सही आहे, त्याला या कामी घेऊ नये. व्यवस्थापनाची बाजू मांडण्यासाठी सादरकर्ता अधिकारी वेगळा असावा, नाहीतर चौकशी अधिकारीच साक्षीदाराला प्रश्न विचारून आरोप सिद्ध करू लागतो आणि त्याची तटस्थता संपते. पहिल्या बैठकीत आरोप वाचून दाखवावेत, ते मान्य आहेत का हे विचारावे आणि नियमांप्रमाणे बचाव प्रतिनिधी घेण्याचा हक्क सांगून तसे रोजनाम्यात लिहावे.

आधी व्यवस्थापनाचा साक्षीदार, मग त्याची उलटतपासणी, हा क्रम मोडू नये. प्राथमिक चौकशीत सुरक्षारक्षकाने दिलेला जबाब केवळ फाईलमध्ये आहे म्हणून पुरावा होत नाही. रक्षक समोर यावा लागतो, जबाबाची प्रत कर्मचाऱ्याला आधी मिळावी लागते आणि प्रश्न विचारण्याची संधी द्यावी लागते. आपल्या उदाहरणातील स्टोअरकीपर म्हणतो की रात्रपाळीत चावी देखभाल विभागाच्या पर्यवेक्षकाकडेही असे आणि काही इंडेंट, म्हणजे माल दिल्याच्या मागणीचिठ्ठ्या, बिन कार्डवर चढवायचे राहिले. मग चावीचे रजिस्टर आणि ते इंडेंट मागवायलाच हवेत. ते मूळ यादीत नव्हते हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. प्रश्न आणि उत्तर शक्यतो जसेच्या तसे लिहावे, प्रत्येक पानावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात, कोणी नकार दिल्यास तसे नमूद करावे आणि प्रत त्याच दिवशी द्यावी.

अहवालात प्रत्येक आरोपाखाली दोन्ही बाजूंचा पुरावा, कोणता का मानला आणि त्यावरचा निष्कर्ष एवढे हवे. इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहिले जाते. पण संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा नव्हे. रजिस्टरवरून चावी दोघांकडे असल्याचे दिसले आणि न चढवलेले इंडेंट 80 मीटरचे निघाले, तर तूट 45 मीटरचीच उरते. मग नोंदी न केल्याचा आरोप सिद्ध, तुटीचा अंशतः सिद्ध, आणि चोरीचा आरोप ठेवला असता तर तो सिद्ध झाला नाही, असेच लिहावे लागेल. शिक्षेची शिफारस हे चौकशी अधिकाऱ्याचे काम नाही, ती टाळावी.

अहवाल येताच त्याची प्रत कर्मचाऱ्याला देऊन त्याचे म्हणणे मागवावे आणि ते वाचूनच निर्णय घ्यावा. करुणाकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये हे सरकारी आणि खासगी अशा सर्वच आस्थापनांना लागू केले. शिस्तभंग प्राधिकाऱ्याला "सिद्ध नाही" हा निष्कर्ष मान्य नसेल, तर असहमतीची कारणे आधी कळवून उत्तर घ्यावे लागते, हे त्याच न्यायालयाने 1998 मध्ये कुंजबिहारी मिश्रा प्रकरणात स्पष्ट केले. मागील शिक्षांचा विचार करून शिक्षा वाढवायची असेल, तर त्या शिक्षांचाही उल्लेख नोटिशीत करावा, म्हणजे त्याबद्दलही कर्मचाऱ्याला बोलता येईल.