मातीच्या कुंड्या आणि बाल्कनीची फरशी घासायला घेण्यापूर्वी

सगळ्यात आधी दोन दिवस मोकळे आणि कोरड्या हवेचे आहेत ना, ते बघा. घासायचं काम दोन-तीन तासांत उरकतं, पण कुंडी आतपर्यंत वाळल्याशिवाय ती स्वच्छ झाली की नाही हे कळतच नाही. ओल्या कुंडीवर पांढरे डाग दिसेनासे होतात आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. वाळली की तेच डाग पुन्हा वर येतात.

मग अंगावर काय चढलंय ते नीट ओळखा, कारण हिरवं आणि पांढरं ही दोन वेगळी कामं आहेत. हिरवं म्हणजे शेवाळ, ते जिवंत असतं. ओल आणि उजेड मिळेल तिथे वाढतं आणि ब्रशने निघतं. पांढरं म्हणजे क्षार. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. कुंडीतलं पाणी त्यांतून झिरपत बाहेर येतं आणि उडून जातं, त्यात विरघळलेलं सगळं मात्र भिंतीवर राहतं. या पांढऱ्यातही दोन प्रकार असतात. खतातले क्षार साध्या पाण्यात विरघळतात, जड पाण्यातला चुना विरघळत नाही. खात्री करायची असेल तर कोरड्या डागावर व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि जवळून बघा. बारीक बुडबुडे येऊन फसफसलं तर चुना आहे. काहीच झालं नाही तर बहुधा खताचे क्षार आहेत, तिथे व्हिनेगर ओतत बसू नका.

आता फरशी कसली आहे ते तपासा. माझ्या मते पूर्ण यादीत ही एक गोष्ट अजिबात चुकवू नये. ग्लेझ असलेल्या सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलला सौम्य आम्लाने सहसा काही होत नाही. संगमरवर, चुनखडीचा दगड, मोझॅक आणि सिमेंटच्या टाइल्स यांत मात्र तोच चुना असतो जो आपण काढायला निघालोय. त्यांच्यावर व्हिनेगर किंवा लिंबू पडलं की चकाकी जाते आणि खरबरीत डाग कायमचा राहतो. कसली फरशी आहे हे माहीत नसेल तर कुंडीखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात थेंब टाकून बघा. फसफसलं तर लगेच पाण्याने धुवा आणि त्या फरशीवर फक्त साबणाचं पाणी आणि ब्रश वापरा.

सामान फार लागत नाही. कडक नायलॉनचा एक ब्रश, सांध्यांसाठी जुना टूथब्रश, कुंडी बुडेल एवढा टब, बादली, रबरी हातमोजे, कोरडे क्षार घासताना नाकाला मास्क आणि साधं पांढरं व्हिनेगर. तारेचा ब्रश नको. त्याने मातीवर ओरखडे पडतात, त्या ओरखड्यांत शेवाळ पुन्हा लवकर धरतं, आणि अडकलेले लोखंडाचे कण गंजून तपकिरी ठिपके उमटतात. टॉयलेट साफ करायचं तीव्र आम्लही आणू नका. ते सिमेंटचे सांधे खातं आणि मातीत खोल मुरतं. पाणी जायच्या भोकावर जाळी बसवून ठेवा, नाहीतर माती वाहत जाऊन पाइप तुंबतो.

ब्लीचबद्दल वेगळं सांगायला हवं. शेवाळ त्याने मरतं हे खरं, पण मातीची कुंडी ते शोषून घेते आणि वाळताना त्यातलं मीठ पुन्हा पांढरं होऊन वर येतं. म्हणून मी कुंडीसाठी ब्लीच घेत नाही. फरशीसाठी घेणार असाल तर ते आणि व्हिनेगर एका दिवशी बाहेर काढूच नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बाल्कनी उघडी असली तरी वाकून घासणाऱ्याच्या नाकातोंडात तो पहिल्यांदा जातो.

रोपाची तयारी आदल्या दिवशी करा. त्याला बेताचं पाणी घाला, म्हणजे मुळांभोवतीची माती एकत्र धरून राहते आणि रोप अख्ख्या गोळ्यासह निघतं. तो गोळा ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. कुंडीच्या आतल्या काठावर पांढरी कड असेल तर तीही काढायच्या यादीत घ्या, कारण काठाला टेकणारी पानं आणि देठ त्या क्षारांनी करपतात.

समजा दहा इंची कुंडी आहे, खालचा अर्धा भाग हिरवा आणि वर पांढरे पट्टे. ती कोरडी असतानाच आधी पांढरं खरवडून झाडून घ्या, ओलं झाल्यावर क्षार पुन्हा छिद्रांत शिरतात. मग साध्या पाण्यात बुडवा. कोरड्या मातीतून हवा बाहेर पडताना बुडबुड्यांच्या रांगा उठतात, त्या थांबल्या की कुंडी पाणी प्यायली असं समजा. रात्रभर तशीच ठेवा, पाणी एकदा बदला. खताचे बरेचसे क्षार इथेच सुटतात आणि शेवाळही मऊ पडतं. सकाळी हिरवा भाग खाण्याचा सोडा लावून घासा आणि स्वच्छ धुवा.

एवढं करूनही जे पांढरं उरतं तो चुना. एक भाग व्हिनेगर, एक भाग पाणी असं मिश्रण करून कुंडी अर्धा तास त्यात ठेवा. कुंडी आधीच पाण्याने भरलेली असल्यामुळे आम्ल फार खोल जात नाही. फसफस थांबली आणि पांढरं तसंच असेल तर मिश्रणाचा जोर संपलाय, घासण्यात ताकद घालवण्यापेक्षा ते ताजं करा. नंतर तासभर स्वच्छ पाण्यात ठेवून कुंडी उन्हात उलटी वाळवा. घासताना ब्रशला लाल भुकटी येत असेल किंवा मातीचे पापुद्रे सुटत असतील तर तिथेच थांबा. आत साठलेल्या क्षारांनी ती भिंत फोडायला सुरुवात केली आहे, आणखी घासलं तर ती पातळच होईल.

कुंडी वाळते तोवर फरशी. शेवाळाला साबणाचं पाणी दहा मिनिटं लावून ठेवा आणि ब्रश फिरवा. सांध्यांत हिरवट छटा उरली तर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लावा, मात्र तेही व्हिनेगरमध्ये मिसळायचं नाही. कुंडीच्या बुडाचं पांढरं कडं काढताना आधी आजूबाजूचे सांधे साध्या पाण्याने चिंब भिजवा, म्हणजे ते आम्ल कमी पितात. मग व्हिनेगरमध्ये बुडवून पिळलेला कागदी रुमाल फक्त कड्यावर दहा मिनिटं पसरा, पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा.

पांढरं जर टाइलवर नसून सांध्यांच्या रेषेरेषेने पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते कुंडीचं नाही. फरशीखाली पाणी मुरतंय आणि सिमेंटमधले क्षार वर येताहेत. तिथे घासून उपयोग नाही, पाणी कुठून शिरतं ते शोधावं लागतं.

दोन दिवसांनी कुंडी उजेडात फिरवून बघा. फिकट डाग असतील तर एकदा पाण्यात भिजवणं पुरतं. रोप परत लावताना कुंडीखाली तीन छोटे तुकडे ठेवून ती बोटभर उचला, खालून हवा खेळली की कडं उशिरा धरतं. पहिलं पाणी खत न घालता, भोकातून वाहून जाईल इतकं द्या आणि ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाका.