टोटल पेआउटने शेअरची किंमत काढायला बसण्याआधी

पहिलं काम म्हणजे कंपनीचं कॅश फ्लो स्टेटमेंट उघडा आणि फायनान्सिंगच्या भागात दोन आकडे शोधा, डिव्हिडंडचा आणि बायबॅकचा, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेतले त्याचा, या दोन्हींची बेरीज म्हणजे टोटल पेआउट, आणि ESOP मधून कर्मचाऱ्यांना किंवा बाजारात नवीन शेअर विकून पैसे आले असतील तर ते बायबॅकमधून वजा करा, कारण एका हाताने शेअर परत घेऊन दुसऱ्या हाताने वाटले तर शेअरहोल्डरकडे तेवढं कमीच आलं ना. एकाच वर्षावर मात्र जाऊ नका. टीसीएसने 2017, 2018, 2020, 2022 आणि 2023 साली बायबॅक जाहीर केला, मधली वर्षं कोरडी, म्हणजे 2023 चे 17,000 कोटी दरवर्षीचे धरले तर किंमत भलतीच फुगणार. पाचसहा वर्षांची सरासरी घ्या, आणि कर्ज काढून केलेला बायबॅक असेल तर तो कायमचा धरू नका.

मग आजची शेअरसंख्या लिहून ठेवा. आजचीच हं, बायबॅकनंतरची कमी झालेली नाही.

आता ग्रोथ, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. इथे लागते कंपनीच्या एकूण नफ्याची वाढ, EPS ची म्हणजे दर शेअरमागच्या नफ्याची नाही. समजा पुढच्या वर्षी डिव्हिडंड 600 कोटी आणि बायबॅक 400 कोटी, शेअर 50 कोटी, भागधारकांना हवा असलेला परतावा 12 टक्के, नफ्याची वाढ 7 टक्के. 12 वजा 7 म्हणजे 5 टक्के, 1000 कोटी भागिले 0.05 म्हणजे 20,000 कोटी, ते भागिले 50, शेअर 400 रुपयांना. कर्ज वेगळं वजा करायचं नाही, ही आधीच इक्विटीची किंमत आहे.

उत्तर आलं की उलटं तपासा, ही पायरी मी कधीच सोडत नाही. 400 वर 12 टक्के परतावा म्हणजे 448, त्यातून दर शेअर 12 रुपये डिव्हिडंड गेला की वर्षअखेर भाव 436 होतो, त्या भावाने 400 कोटीत साधारण 92 लाख शेअर परत येतात, उरतात 49.08 कोटी, म्हणून एकूण डिव्हिडंड 7 टक्क्यांनीच वाढला तरी दर शेअरचा 9 टक्क्यांनी वाढतो. आता पहिल्या वर्षीचा दर शेअर 12 रुपये डिव्हिडंड घ्या आणि 12 वजा 9 म्हणजे 3 टक्क्यांनी भागा, परत 400 च येतात. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर बहुतेक तुम्ही EPS चे 9 टक्के टोटल पेआउटला लावलेत, तसं केलं की शेअर 667 चा दिसतो, बायबॅकचा फायदा दोनदा मोजला जातो. उलट चूक म्हणजे फक्त डिव्हिडंड घेऊन 7 टक्के लावायचे, मग 240 येतात आणि चांगला शेअर महाग वाटून हातचा जातो.

शेवटी वाढ 7 ऐवजी 8 टाकून बघा, 400 चे 500 होतात, म्हणून एक आकडा लिहू नका, रेंज लिहा.