दगड, वीट, पान: दुसरीच्या मुलांना चित्रांतून एकवचन-अनेकवचन कसे शिकवावे

एक दगड, तीन दगड. एक वीट, तीन विटा. एक पान, तीन पाने. तिन्ही शब्द ऐकायला सारखेच संपतात, आणि तरी अनेकवचन करताना तिघांच्या तीन वाटा होतात. ‘आंबा-आंबे, फुगा-फुगे’ आणि ‘वाटी-वाट्या, टोपी-टोप्या’ या जोड्या मुले दोन दिवसांत पकडतात, कारण तिथे शब्दाचा शेवटच वाट दाखवतो. दुसरीच्या वर्गात खरी अडचण येते ती ‘अ’ने संपणाऱ्या शब्दांपाशी. म्हणून या लेखात तेवढेच घेतले आहे.

वाट दाखवतो तो शब्दाचा शेवट नव्हे, तर हा दगड, ही वीट, हे पान यांतला ‘हा-ही-हे’. दुसरीच्या मुलाला पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग ही नावे सांगायची गरज नाही. मराठी घरातल्या मुलाच्या तोंडात हा-ही-हे आधीपासून असते. ते बाहेर काढायचे आणि अनेकवचनाला जोडून द्यायचे, एवढेच काम चित्रे करतात.

चित्रे तयार करताना

कार्डशीटचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापा. प्रत्येक शब्दाची दोन कार्डे करा: एकावर एक वस्तू, दुसऱ्यावर त्याच तीन. दोनऐवजी तीन काढल्या की ‘जोडी’ हा शब्द मध्ये येत नाही. वस्तू सुट्या काढा. तीन दगड एकावर एक रचलेत तर मूल ‘ढीग’ म्हणते, विटा चिकटवल्यात तर ‘भिंत’ म्हणते आणि पाने देठाला जोडलीत तर ‘फांदी’. सुरुवातीला नऊ शब्द पुरतात: दगड, बैल, मोर, वीट, चिंच, खाट, पान, झाड, घर. ‘पेन’ आणि ‘मांजर’ मुद्दाम टाळा. कोणी ‘तो पेन’ म्हणतो, कोणी ‘ते पेन’. ‘ते मांजर’ म्हणणारे आहेत तसे ‘ती मांजर’ म्हणणारेही आहेत. पहिल्या आठवड्यात हा वाद वर्गात नको.

आधी टोपल्या, मग अनेकवचन

पहिल्या दिवशी फक्त एकाची कार्डे घ्या. तीन टोपल्यांवर ‘हा’, ‘ही’, ‘हे’ अशा चिठ्ठ्या लावा. मुलाने कार्ड उचलायचे, नाव सांगायचे आणि योग्य टोपलीत टाकायचे. इथे आपल्याच प्रश्नावर लक्ष ठेवावे लागते. मी बरेच दिवस कार्ड दाखवून ‘हे काय आहे?’ असे विचारत होते आणि मुले बैलसुद्धा ‘हे’च्या टोपलीत टाकत होती. प्रश्नातला ‘हे’ त्यांनी उत्तर म्हणून घेतला होता. ‘चित्रात काय आहे?’ असे विचारायला लागल्यावर ते थांबले.

मूल अडले तर टोपली दाखवू नका. ‘मोठा वीट, मोठी वीट, मोठे वीट, कानाला कोणते बरे वाटते?’ असे विचारा. बहुतेक मुले लगेच ‘मोठी’ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तीनची कार्डे काढा. मुलाने दोन्ही कार्डे शेजारी ठेवून मोठ्याने म्हणायचे: ‘एक दगड, तीन दगड.’ टोपलीनुसार म्हणत गेले की तिसऱ्या-चौथ्या शब्दापासून मुले स्वतःच सांगू लागतात की ‘हा’वाले बदलत नाहीत आणि ‘हे’वाल्यांना मात्रा लागते. त्यांनी सांगेपर्यंत आपण सांगायचे नाही.

‘ही’ची टोपली मात्र दोन ताटल्यांत वाटावी लागते. वीट-विटा, चिंच-चिंचा, खाट-खाटा एका ताटलीत. भिंत-भिंती, पाल-पाली, विहीर-विहिरी दुसरीत. कोणता शब्द कुठे जाईल हे मुलाला शब्द पाहून ठरवता येईल अशी खूण इथे नाही. ते कानावरच सोडावे लागते, म्हणून दुसऱ्या ताटलीतले शब्द पुढच्या आठवड्यात आणा आणि रोज दोन-तीनच घ्या.

लिहिताना येणाऱ्या चुका

मूल म्हणते ‘पानं, झाडं, घरं’ आणि पुस्तकात असते ‘पाने, झाडे, घरे’. बोललेले चूक ठरवू नका. ‘बोलताना पानं, लिहिताना पाने’ एवढे एकदा सांगून चित्राखाली ‘पाने’ लिहून घ्या.

दुसरी चूक ऱ्हस्व-दीर्घाची: ‘वीटा’, ‘फूले’. वीट, फूल, विहीर यांच्या शेवटच्या अक्षराआधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो. अनेकवचनात तो ऱ्हस्व होतो: विटा, फुले, विहिरी. यासाठी वेगळे कार्ड करा. ‘फूल’ मोठ्या अक्षरात लिहा, दीर्घ उकारावर ऱ्हस्व उकाराची चिठ्ठी चिकटवायला द्या आणि मग ‘ल’वर मात्रा काढायला सांगा. हाताने बदल केला की तो लक्षात राहतो.

‘तीन वीट’ असे उत्तर आले तर घाई न करता कारण शोधा. ‘वीट मोठा की मोठी?’ असे विचारा. ‘मोठी’ आले तर मुलाला शब्द ठाऊक आहे, फक्त ‘विटा’ हे रूप कमी ऐकलेले आहे. ते चार-पाच वेळा म्हणवून घेतले की पुरते. ‘मोठा’ आले तर परत टोपल्यांकडे जायला हवे. घरी हिंदी बोलणारी मुले ‘तीन घर, तीन फूल’ म्हणतात, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाही आणि तिथे ‘तीन घर’ बरोबरच आहे. त्यांना ‘हे’ची टोपलीच नवी असते. माझ्या वर्गातल्या अशा एका मुलीला मी आठवडाभर फक्त ‘हे’ची कार्डे दिली: हे घर, हे पान, हे झाड. ते रुळल्यावर ‘तीन घरे’ आपोआप आले.

या दिवसांत ‘किती पानांना रंग दिलास?’ असे प्रश्न विचारू नका. ‘पानांना’ कानावर पडले की मूल अनेकवचन म्हणून ‘पानां’ लिहिते. ‘चित्रात किती पाने आहेत?’ असे विचारा.

खरोखर समजले का?

दोन चित्रे काढा: एकात हाताचे बोट, दुसऱ्यात पाण्यावरची बोट. हे बोट, तीन बोटे. ही बोट, तीन बोटी. शब्द तोच, पण टोपली बदलली की अनेकवचन बदलते. हे चित्र पाहून मुले हसतात आणि तिथेच त्यांना पटते.

शेवटी एक कधीच न पाहिलेला प्राणी काढा. ही युक्ती अमेरिकेतल्या जीन बर्को यांची. 1958 साली त्यांनी मुलांना काल्पनिक प्राणी दाखवून इंग्रजी अनेकवचन विचारले होते. आपण त्याला ‘टिमळ’ म्हणू. ‘हा टिमळ. आता तीन आले. तीन काय?’ उत्तर ‘टिमळ’ आले पाहिजे. दुसऱ्या दिवशी तेच चित्र दाखवून ‘हे टिमळ’ म्हणा. आता ‘टिमळे’ किंवा ‘टिमळं’ आले पाहिजे. ‘ही टिमळ’ म्हटल्यावर ‘टिमळा’ आणि ‘टिमळी’ दोन्ही बरोबर धरा. पाठ केलेला शब्द नसल्यामुळे इथे मूल फक्त हा-ही-हेच्या आधाराने बोलते. जे मूल तिन्ही वेळा ‘तीन टिमळ’ म्हणेल, त्याला टोपल्या आणखी काही दिवस द्या.