उरलेला भात पुन्हा गरम केल्याने सुरक्षित होत नाही: या चुका टाळा

गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या घरी भाताचा मोठा टोप चढतो आणि पाहुण्यांचा अंदाज चुकला की भात उरतो. दुपारी बाराला उतरलेला हा टोप झाकण घालून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तसाच राहतो, रात्री त्यातला थोडा भात वाढला जातो आणि सकाळी आठला उरलेल्याचा फोडणीचा भात होतो. तो कढईत चांगला वाफाळलेला असतो, वासही ताजा असतो, तरीही दहाच्या सुमारास दोघातिघांना मळमळून उलट्या सुरू होतात. अशा वेळी दोष बहुधा आदल्या दिवशीच्या नारळाच्या रसाच्या आमटीला किंवा माशाला दिला जातो. भातावर मात्र कोणी संशय घेत नाही, कारण तो पुन्हा गरम केलेला असतो.

बॅसिलस सिरियस हा जीवाणू मातीत राहतो आणि तिथूनच तांदळावर येतो. प्रतिकूल परिस्थितीत तो बीजाणू तयार करतो. हे बीजाणू कोरडेपणा सोसतात आणि भात शिजताना उकळत्या पाण्यातही त्यांतले काही टिकून राहतात, त्यामुळे तांदूळ कितीही स्वच्छ धुतला तरी हा प्रश्न सुटत नाही. शिजलेला भात ओला आणि पिष्टमय असतो. तो कोमट झाला की बीजाणू रुजतात आणि जीवाणू वाढू लागतात. साधारण 30 ते 37 अंश सेल्सिअस तापमानात ही वाढ सर्वांत जोमाने होते, आणि भाद्रपदातल्या दमट हवेत आपले स्वयंपाकघर याच्या जवळपासच असते.

यातली खरी गोम सिरियुलाइड या विषात आहे. हे विष वाढणारे जीवाणू भातातच तयार करून ठेवतात. पुन्हा गरम केल्यावर वाढलेले जीवाणू मरतात, पण हे विष 121 अंशांवर दीड तास तापवले तरी टिकते, म्हणजे कढई, कुकर किंवा मायक्रोवेव्ह यांपैकी कशानेही ते जात नाही. विष आधीच तयार असल्यामुळे उलट्याही लवकर, बहुधा अर्ध्या ते सहा तासांत, सुरू होतात. 1970च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतल्या फ्राइड राइसमुळे हेच घडले होते. परतताना शिते मोकळी राहावीत म्हणून तिथे शिजवलेला भात फ्रिजमध्ये न ठेवता बाहेर ठेवत असत.

वास आणि चव पाहून निर्णय घेणे ही दुसरी मोठी चूक आहे. आंबलेला, तार सुटलेला भात आपण टाकतोच, पण सिरियुलाइडला वास नसतो आणि पुरेसे विष झालेला भात दिसायला चांगला असू शकतो. त्यामुळे भात किती वेळ कोमट राहिला, एवढाच हिशेब विश्वासाचा आहे.

हा हिशेब टोपात बिघडतो. ढिगाचा वरचा थर लवकर निवतो, मधला भात मात्र तासन् तास कोमट राहतो. थराची जाडी निम्मी केली, तर निवायला लागणारा वेळ साधारण चौथाईवर येतो. म्हणून पंगत उठताच उरलेला भात स्वच्छ परातींत तीनचार सेंटीमीटर जाडीने पसरावा, परात थंड पाण्याच्या घमेल्यात टेकवावी आणि वर पंखा लावावा. वाफ थांबली की तो उथळ डब्यांत भरून, शिजल्यापासून शक्यतो तासाभरात आणि फार तर दोन तासांत फ्रिजमध्ये जाऊ द्यावा. पूर्ण निवेपर्यंत बाहेरच ठेवायचा, ही सवय सोडलेली बरी. भात किंचित कोमट असला तरी चालतो, पण अख्खा टोप आत ठेवू नये, कारण त्याचा मधला भाग तिथेही बराच वेळ उबदार राहतो. फ्रिज 5 अंशांवर किंवा त्याखाली असावा आणि हा भात दुसऱ्या दिवशी संपवावा.

गरम करताना थोडे पाणी शिंपडून, खालवर करत मध्यभागापर्यंत 75 अंश, म्हणजे सगळीकडून वाफ येईपर्यंत तापवावा. हे एकदाच करावे आणि त्यातूनही उरलेला भात परत ठेवू नये. पाहुणे टप्प्याटप्प्याने जेवणार असतील, तर भात मंद आचेवर 60 अंशांच्या वर ठेवावा. नुसत्या झाकणावर भरवसा ठेवू नये.

रात्री भातात पाणी घालून सकाळी खाण्याची पद्धत जुनी आहे. आंबून आलेल्या आंबटपणामुळे जीवाणूंची वाढ रोखली जाते हे खरे, पण तो यायला काही तास लागतात आणि तोपर्यंत विष तयार होऊ शकते. त्यामुळे दुपारपासून बाहेर राहिलेल्या भातात रात्री पाणी घातल्याने तो सुधारत नाही. पावसात लाईट जाऊन फ्रिज चार तासांहून अधिक बंद राहिला, तर आतला भातही टाकावा. उलट्या बहुधा दिवसभरात थांबतात. तोपर्यंत ओआरएस घोट घोट द्यावे, पण मूल सुस्तावले, लघवी कमी झाली किंवा पाणीही पोटात टिकत नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.