दहशतवाद की बंडखोरी? कारणं शोधण्याआधी या चुका टाळा

‘लिट्टे दहशतवादी होती की बंडखोर?’ असा प्रश्न श्रीलंकेत तमिळांच्या स्वतंत्र राज्यासाठी लढलेल्या या संघटनेबद्दल विद्यार्थी नेहमी विचारतात. पहिली चूक त्या ‘की’मध्येच आहे. बंडखोरी म्हणजे सत्ता किंवा प्रदेश मिळवण्यासाठी राज्यसंस्थेविरुद्ध दीर्घकाळ चाललेला सशस्त्र लढा. दहशतवाद ही हिंसेची एक पद्धत आहे. लढणारी संघटना ती कधी वापरते, कधी नाही. म्हणून शिक्का संघटनेवर मारण्याआधी एकेक कृती तपासावी.

लिट्टेच्याच तीन घटना घ्या. 31 जानेवारी 1996 रोजी स्फोटकांनी भरलेला ट्रक कोलंबोतल्या मध्यवर्ती बँकेच्या दारात धडकवण्यात आला. सुमारे 90 माणसं मेली, हजाराहून जास्त जखमी झाली. त्यात बहुतेक कर्मचारी आणि रस्त्यावरून जाणारे लोक होते. त्यांच्याशी लिट्टेचं वैर नव्हतं. त्यांचं मरण सरकारला आणि शहराला दाखवायचं होतं. हा दहशतवाद. एप्रिल 2000 मध्ये याच संघटनेने एलिफंट पासचा लष्करी तळ जिंकला. ती दोन सशस्त्र दलांमधली लढाई होती. तिसरी घटना विद्यार्थ्यांना चकवते: 5 जुलै 1987 रोजी नेल्लियडी इथे लिट्टेचा पहिला आत्मघातकी हल्ला झाला, तो सैनिकांच्या छावणीवर. हल्लेखोर स्वतः मेला म्हणून कृती दहशतवादी ठरत नाही. मारलं कोणाला आणि धमकी कोणाला दिली, हे पाहावं लागतं.

अर्थात, ही कसोटी सर्वांना मान्य नाही. अभ्यासक ॲलेक्स श्मिड यांनी 1988 मध्ये दहशतवादाच्या 109 व्याख्या तपासल्या. हिंसा हा घटक 83.5 टक्के व्याख्यांत होता, राजकीय हेतू 65 टक्क्यांत, भीती 51 टक्क्यांत. सरकारी हिंसा यात धरायची का, परक्या सत्तेविरुद्धचा लढा वगळायचा का, यावर संयुक्त राष्ट्रांमधला सर्वंकष करार वर्षानुवर्षं अडला आहे. तेव्हा कोणती व्याख्या वापरताय, ते सुरुवातीलाच लिहा. नाहीतर पुढची आकडेवारी कशाची, तेच कळणार नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘गरिबीमुळे दहशतवाद वाढतो’ या वाक्याने. यात तीन वेगळे प्रश्न एकत्र कोंबलेले असतात: देशात बंड का पेटतं, संघटना दहशतवादाचंच हत्यार का निवडते आणि एखादा माणूस तिच्यात का जातो.

पहिल्या प्रश्नात उत्पन्नाला वजन आहे. फिअरन आणि लेटिन या अभ्यासकांनी 1945 ते 1999 मधल्या यादवी युद्धांचा अभ्यास केला, त्यात गरीब देशांत युद्ध पेटण्याची शक्यता ठळकपणे जास्त दिसली. पण त्याचा अर्थ काय? त्यांच्या मते गरीब देशाचं पोलिस आणि प्रशासन दुबळं असतं, डोंगराळ भागात ते पोचतच नाही. कोलियर आणि होफ्लर मात्र म्हणतात की रोजगार नसलेल्या तरुणाला बंदूक उचलताना गमवावं लागणारं थोडं असतं. आकडा एकच, पण कारणं दोन.

तिसऱ्या प्रश्नात चित्र उलटं होतं. क्रूगर आणि मालेच्कोव्हा यांनी मारल्या गेलेल्या 129 हिजबुल्ला लढवय्यांची माहिती तपासली. त्यांच्यातलं गरिबीचं प्रमाण 28 टक्के होतं, तुलनेच्या लेबनीज लोकसंख्येत 33 टक्के; शिक्षणही त्यांचं सरासरीपेक्षा जास्त. पण यावरून ‘गरिबीचा काही संबंध नाही’ असं म्हणणंही घाईचं. ब्युएनो दे मेस्किटा यांनी दाखवून दिलं की संघटना आलेल्यांमधून निवड करते. इच्छुकांत गरीब जास्त असले, तरी निवडले जातात ते हुशार आणि शिकलेले. आपल्यासमोर येते ती निवडीनंतरची यादी.

दुसऱ्या प्रश्नात, म्हणजे संघटना असं हत्यार का निवडते यात, आणखी एक चूक मोठ्या अभ्यासकांकडूनही होते: जिथे हिंसा झाली, फक्त तिथेच पाहणं. रॉबर्ट पेप यांनी 1980 ते 2003 मधले 315 आत्मघातकी हल्ले गोळा केले आणि मुख्य कारण धर्म नसून परक्या सैन्याचा ताबा आहे, असं मांडलं. लिट्टे धर्मनिरपेक्ष असल्याने तिचं उदाहरण त्यांना बळ देणारं होतं. पण 2008 मध्ये ॲशवर्थ आणि सहकाऱ्यांनी बोट ठेवलं ते न घडलेल्या हल्ल्यांवर. ताबा असूनही असे हल्ले झाले नाहीत, अशा जागा यादीत नसतील तर ताब्यामुळे धोका किती वाढतो, हे सांगताच येत नाही.

श्रीलंकेत ही तुलना हाताशीच आहे. 1956 चा सिंहली भाषेचा कायदा आणि 1983 चं तमिळविरोधी हत्याकांड, हे अन्याय सगळ्याच तमिळांनी सोसले. तरी त्यांच्यातल्या अनेक सशस्त्र गटांनी 1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर निवडणुकीची वाट धरली. टेलो या गटाला तर लिट्टेने 1986 मध्येच मोडून काढलं होतं. संसदीय मार्गाने चालणारे तमिळ नेते अमृतलिंगम यांनाही तिनेच जुलै 1989 मध्ये कोलंबोत गोळ्या घातल्या. त्यामुळे केवळ ‘तमिळांवर अन्याय झाला’ एवढं कारण पुरत नाही. त्याच अन्यायातून निघालेल्या इतर वाटा कोणी आणि कशा बंद केल्या, तेही शोधावं लागतं.